लहानपणीचं एक बिस्किट अजून मिळतं का? (दुकानदार मंडळींना पत्र)

नमस्कार काका / दादा / ताई,
(गल्ल्यावर कोण बसतं ते माहीत नाही म्हणून तिन्ही लिहिलंय, आपलं जे असेल ते धरा.)

हे पत्र मी अकरा दुकानांना पाठवतेय. मजकूर एकच आहे, झेरॉक्स काढलीये, तेव्हा राग मानू नका. दुकानं जुनी बघून निवडलीत, कारण नवीन दुकानात विचारलं की पोरं मोबाईलमध्ये बघून "असं काही नाहीये" म्हणतात आणि विषय संपतो. मला एक बिस्किट शोधायचंय. साधारण पन्नास वर्षांपूर्वी खाल्लेलं. आणि खरी पंचाईत अशी की नाव आठवत नाही, आठवत नाही म्हणण्यापेक्षा तेव्हा मला वाचताच येत नव्हतं.

पण बिस्किटावरची अक्षरं मात्र डोळ्यासमोर आहेत, चित्रासारखी. एक अक्षर खुर्चीसारखं होतं, पाठ उंच आणि पुढे बसायची जागा, आणि एक सरळ गोल. मध्ये अजून एक-दोन असतील. मोठेपणी वाटलं खुर्ची म्हणजे इंग्रजीतला लहान एच. पण मग लक्षात आलं की बिस्किट तर मी कसंही धरत असणार, उलटं धरलं तर तोच इंग्रजी वाय किंवा आपला चारचा आकडा वाटेल असंही काहीतरी असू शकतं. गोल मात्र कसंही फिरवा गोलच राहतो, त्यामुळे ओ नक्की. म्हणजे बघा, पन्नास वर्षांच्या आठवणीतून एक अक्षर खात्रीचं निघालं.

आता बिस्किट कसं होतं ते सांगते. पातळ, कुरकुरीत, गोड पण फार नाही. कडेला बारीक दाते होते, ते मी उंदरासारखे एकेक कुरतडून आधी संपवायचे आणि मग मधला गुळगुळीत तुकडा हातात उरायचा. वर भोकं होती. भोकं आणि उथळ अक्षरं, दोन्ही, हे मुद्दाम सांगतेय कारण आमच्या ओळखीत एक जण बिस्किटाच्या कारखान्यात मशीनवर होते, ते म्हणाले यावरून बरंच कळतं. लोणीदार, भुसभुशीत बिस्किटाचं पीठ साच्यात दाबून काढतात म्हणून त्यावर खोल नक्षी उठते, आणि घट्ट पिठाची पोळी लाटून कापतात त्या बिस्किटाला भोकं पाडावीच लागतात, नाहीतर भाजताना आतली वाफ अडकून फुगे येतात. म्हणजे माझं बिस्किट दुसऱ्या जातीचं. क्रीमचं नाही, खारं नाही, नानकटाईच्या जवळचंही नाही, एवढी गाळणी तरी झाली.

पुडा फोडला की पहिला वास जरा उग्र यायचा, नाकात झिणझिण, आणि क्षणात जायचा. भावाला हा वास अजिबात आठवत नाही, तो म्हणतो मी नंतर कल्पनेने घातलाय. पण त्याच कारखान्यातल्या गृहस्थांनी सांगितलं की पातळ बिस्किटं फुलवायला अमोनियाची पावडर घालतात, नीट भाजलं की तो उडून जातो, भाजायला कमी पडलं तर थोडा वास मागे राहतो. एवढं ऐकल्यावर मला जरा बळ आलं. (भावाला हे पत्र दाखवलेलं नाही.)

पुडा मेणकागदाचा होता, दोन्ही टोकांना घडी घालून चिकटवलेला. रंग पिवळा. आता पिवळा मूळचा होता की काचेच्या कपाटात ऊन खाऊन खाऊन लालाचा तसा झालेला हे मी शपथेवर सांगू शकत नाही, तुम्हीच सांगाल, शोकेसमधल्या मालाचं काय होतं ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक. आकाराचंही तसंच. मला ते बिस्किट तळहाताएवढं आठवतं, पण तळहात पाच वर्षांच्या मुलीचा होता, तेव्हा कृपया मोठं बिस्किट शोधत बसू नका.

मी आणि भावाने एक प्रयोग केला, वेगवेगळ्या खोलीत बसून दोघांनी आठवेल तसं बिस्किट काढलं. माझं चौकोनी, कोपरे गोलसर, भोकं नऊ. त्याचं चक्क वाटोळं, भोकं मोजलीच नाहीत, नुसते ठिपके टाकलेत. कडेचे दाते मात्र दोघांच्याही चित्रात आहेत आणि एका बाजूला तो ओ पण. दोन्ही चित्रं सोबत जोडलीत. निळ्या पेनाचं माझं.

आता एक विनंती, "मारी असेल" असं लिहून पाठवू नका. मारी मला माहितीये. मारी हे मुळात एका कंपनीचं नावच राहिलेलं नाही, 1874 साली लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने एका रशियन राजकन्येच्या लग्नाच्या निमित्ताने काढलं आणि पुढे ज्याने त्याने बनवलं, आज मारी म्हटलं की कोणाचंही असू शकतं. पण त्यावरूनच माझ्या डोक्यात आलं की माझ्या बिस्किटाचंही असंच झालेलं असेल. कंपनी बंद पडली, नाव गेलं, पण तोच साचा, तेच पीठ दुसऱ्या कोणाच्या पुड्यात अजून चालू असेल. म्हणून प्रश्न दोन आहेत, आणि दोन वेगळे आहेत बरं का:

ते नाव अजून आहे का? आणि नाव नसलं तर ते बिस्किट आहे का?

तुमच्याकडे जुनी बिलबुकं, एजन्सीच्या पावत्या असतील तर त्यात बिस्किटाच्या नावांवर एकदा नजर टाका, तीन-चार अक्षरी नाव आणि त्यात ओ. किंवा तुमच्या वडिलांना, गल्ल्यावर आधी बसायचे त्यांना विचारा. माल टाकायला येणाऱ्या सेल्समनना पण विचारता येईल, नाव बदललं, मालक बदलला हे त्यांना आधी कळतं. "साधारण असंच आहे" म्हणून एखादं बिस्किट दाखवायचं असेल तर पुडा विकत घेऊन पाठवायची गरज नाही, पुड्याच्या मागचं बनवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून कळवा, पुढचं मी बघते.

सोबत माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आहे. या पत्राच्या मागे दोन ओळी खरडल्या तरी चालेल. माहीत नसेल तर "माहीत नाही" एवढंच लिहा पण लिहा, म्हणजे त्या दुकानावर फुली मारून मी पुढे जाईन. आणि बिस्किट बंद झालंय हे नक्की ठाऊक असेल तर तेही सरळ सांगा, मनाला लागेल म्हणून लपवू नका.

आपली,
सुषमा

ता. क. पत्र पाकिटात घालताना आठवलं. शेवटचं बिस्किट कायम तुटलेलं निघायचं, पुड्याच्या तळाशी घडी असायची तिथे. ते तुटकं मला आणि आख्खं भावाला. आत्ता कळलं, त्याला वाटोळं आठवतं आणि मला कोपरे, ते कदाचित म्हणून. तेव्हा आकाराच्या बाबतीत त्याचं चित्र आधी बघा. हिरव्या पेनाचं.