बेसिनपाशी

आई: अथर्व, कपाळ एवढं लालेलाल कशाने झालंय? काय लावलंस?

अथर्व: काही नाही गं. दादाचा अक्रोडाचा स्क्रब होता, तो घासला जरा.

आई: पिकलेल्या पुळ्यांवर? इकडे ये, उजेडात बघू दे. अरे, इथे तर सोललंय! तोंड कशाने धुतोस रोज?

अथर्व: अंगाच्या साबणाने. पाच-सहा वेळा धुतो, तरी तासाभरात नाक चकाकतं. वर्गात सगळे बघतात.

आई: बाळा, हा मळ नाहीये. या वयात हार्मोन्समुळे त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करतात. त्यात तुझी काही चूक नाही. साबणाने त्वचा कोरडी पडते, ओढल्यासारखी होते आणि जास्तच चुरचुरते. मी तुझ्याएवढी असताना पुळीवर टूथपेस्ट लावायचे. हनुवटीवरचा डाग कॉलेज संपेपर्यंत होता.

अथर्व: मग काय आणायचं? कोळशाचा फेसवॉश घेऊ? खूप चालतो म्हणे.

आई: काळा रंग बघून नको घेऊस. मागे लिहिलेलं वाच. आधी साधा, बिनवासाचा, सौम्य फेसवॉश. कपाळ शांत झालं की सॅलिसिलिक अ‍ॅसिडवाला बघू, 2 टक्क्यांच्या वरचा नाही. सकाळ-संध्याकाळ दोनदा, आणि खेळून घामाघूम आलास तर एकदा. वाटाण्याएवढा घ्यायचा, बोटांनी हलकेच फिरवायचा. टॉवेलने रगडायचं नाही, टिपायचं.

अथर्व: आणि मॉइश्चरायझर कशाला? आधीच तेल गळतंय.

आई: तेल वेगळं, ओलावा वेगळा. गाल बघ, तोंडाच्या कडेला पापुद्रे निघालेत. जेलसारखा हलका घ्यायचा. त्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं बघ, म्हणजे छिद्रं बुजू नयेत म्हणून तसा बनवलेला. चेहरा किंचित ओला असतानाच लाव.

अथर्व: महाग असेल ना?

आई: दोन्ही मिळून पाचशेच्या आत बसवू. आणि आल्याआल्या सगळ्या तोंडाला फासू नकोस. जेल दोन-तीन दिवस कानाच्या मागे लावून बघ, खाज आली तर सोडून देऊ.

अथर्व: किती दिवसांत जातील?

आई: सहा-आठ आठवडे तरी धर. तोवर फोडायच्या नाहीत. दुखऱ्या गाठी यायला लागल्या तर मला लगेच सांग, त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊ. मित्राने दिलेली गोरं करायची ट्यूब तेवढी लावू नकोस, काहींत स्टेरॉइड असतं.

अथर्व: मेडिकलमध्ये तू विचारशील? मला लाज वाटते.

आई: येते मी. पण ट्यूब तू हातात घेऊन वाचायचीस. आणि रात्री डोक्याला तेल चोपडून झोपतोस ना, ते उशीवरून कपाळाला लागतं.

अथर्व: मी नाही, आजी लावते. नको म्हटलं की तिला वाईट वाटतं.

आई: आजीला मी सांगते. रविवारी सकाळी अंघोळीच्या आधी लावू दे तिला. चल, चप्पल घाल, दुकान बंद होईल.