शनिवारचा स्लॅब, बी विंग पहिला स्लॅब: भरायच्या आधी हे सगळं झालं पाहिजे

दादा, शनिवारी सकाळी स्लॅब धरलाय. अंदाजे ९० क्यूबिक मीटर, एम३०, ६ क्यूबिकच्या १५ गाड्या. उद्या शुक्रवारी संध्याकाळी ४ वाजता आपण दोघं बारबेंडर मिस्त्री आणि सुतार मिस्त्रीला घेऊन अख्खा स्लॅब फिरू आणि सगळं जागेवर असेल तरच मी पोअर कार्डवर सही करेन. खाली लिहिलंय ते दोघांनाही वाचून दाखवा.

शटरिंग. या स्लॅबचे टेके खालच्या स्लॅबवर नाहीत, भरावावर आहेत, म्हणून माझा सगळ्यात जास्त जीव इथेच अडकलाय. परवा रात्री पाऊस पडून गेला, रॅम्पच्या बाजूची माती अजून मऊ आहे, तिथे प्रत्येक टेक्याखाली फळी पाहिजे आणि ती फळी मातीवर पूर्ण बसलेली पाहिजे, एका कोपऱ्यावर तोललेली नको. ग्रिड ३ ते ५ मध्ये चिखल दिसतोय तो काढून मुरूम टाकून कॉम्पॅक्ट करून घ्या आणि टेके परत टाइट करा. काँक्रीट पडल्यावर टेका १० एमएम जरी खचला तरी बीमचं पोट खाली येणार आणि ते नंतर कुणाला वर उचलता येत नाही. टेक्यात मूळ पिनच पाहिजे, बरेच ठिकाणी सळईचा तुकडा घातलेला दिसला, तो आज रात्रीच बदला. टेके ओळंब्यात, अंतर ९०० एमएमच्या वर नको, आडवे पाइप दोन्ही बाजूंनी. लॉबीवरचा भाग उंच आहे तिथे कपलॉक लावलंय पण तिरकं ब्रेसिंग एकाच दिशेला दिसतंय, दुसऱ्या दिशेचं उद्या दुपारपर्यंत लावा.

बीमची बॉटम लेव्हल मी उद्या ऑटो लेव्हलने घेतो, सुतार हजर ठेवा. प्लेटांच्या सांध्यात टेप, बीमच्या साइडला टाय रॉड आणि वेजेस टाइट, नाहीतर व्हायब्रेटर लागला की स्लरी गळणार आणि मग हनीकोंब. टॉयलेटच्या संकचं माप आर्किटेक्टच्या नव्या ड्रॉइंगवरून घ्या, ऑफिसच्या भिंतीवर जुनं लावलंय ते काढून टाका. स्लॅबच्या कडेच्या साइड शटरची उंची १५० एमएम बघा, बाल्कनीला वेगळी आहे.

स्टील. स्लॅबचं बॉटम १० एमएम, १५० ला एक, डिस्ट्रिब्युशन ८ एमएम, २०० ला एक. टेप लावून तीन-चार जागी मोजा, नजरेने नको. १० एमएमचा लॅप ५०० पाहिजे आणि सगळे लॅप एकाच रेषेत नको. बीमची पहिली रिंग कॉलमच्या फेसपासून ५० एमएमवर, कॉलमजवळ रिंगा जवळ-जवळ, हुक १३५ डिग्रीलाच. काही रिंगांचे हुक ९० वर सोडलेत, ते वाकवून घ्या.

आता बाल्कनी. बाल्कनीला मेन सळई वर असते, खाली नाही, आणि काँक्रीटच्या वेळी माणसं तिच्यावरून चालली की ती खाली दबते. वरून काही दिसत नाही, पण बाल्कनी त्या वरच्या सळईवरच उभी राहते. ती खाली गेली की टेके काढल्यावर मुळाशी भेग आणि पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून सगळ्या बाल्कन्यांच्या टॉप बारखाली खुर्च्या मीटरभर अंतरावर, बांधलेल्या, आणि वर फळ्यांची वाट, तिच्यावरूनच चालायचं. बाल्कनीचं काँक्रीट सुरू असताना एक बारबेंडर फक्त तिथेच उभा राहील, सळई दबली की लगेच उचलेल. त्याला दुसरं काहीही काम सांगू नका.

कव्हर. स्लॅबला २५, बीमला ३०, कॉलमच्या डॉवेलला ४०. खडी, विटेचा तुकडा, लाकूड अजिबात नको, फक्त आपले काँक्रीटचे कव्हर ब्लॉक. गोणीत २० चे ब्लॉकही मिसळलेत, ते बाजूला काढा, स्लॅबला लागले तर कव्हर कमी पडेल. अंतर मीटरभर, बीमच्या बॉटमलाही आणि साइडलाही, साइडचे हमखास विसरतात. इथे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, कव्हर कमी पडलं की काही वर्षांत सळई गंजते आणि राहणाऱ्यांच्या डोक्यावर स्लॅबचे पोपडे पडतात. ठाण्यातल्या जुन्या बिल्डिंगांत बघितलंच असेल. बीमवर हात ठेवून दाबून बघा, ब्लॉक हलत असेल तर तारेने बांधा.

सफाई. कॉलमच्या डोक्यावरचा मऊ थर छिन्नीने उडवून खडी दिसेपर्यंत घ्या. बीमच्या तळात भुसा, बाइंडिंग वायरचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या सगळं आहे, आजच बघितलं. तार राहिली तर छताला गंजाचे डाग येतात. शुक्रवारी कॉम्प्रेसर मारा, बीमच्या टोकाला सफाईची खिडकी ठेवलीय तिथून कचरा बाहेर काढा, मगच ती बंद करा. शनिवारी सकाळी पाणी मारायचं, पण साचलेलं राहू देऊ नका. शटरिंग ऑइल सळईला लागलंय तिथे पुसून घ्या, आणि आता परत ऑइल मारायचं नाही. इलेक्ट्रिशियनचे फॅन बॉक्स आणि कंड्युट मोजून घ्या, तोंडं टेपने बंद. प्लंबिंगचे स्लीव्ह प्लंबरने जागेवर येऊन दाखवायचे.

माणसं. काँक्रीट गँग १४, व्हायब्रेटरवाले ३, फिनिशिंगचे गवंडी २, बारबेंडर २ (एक बाल्कनीला), इलेक्ट्रिशियन १, आणि खाली टेक्यांवर लक्ष ठेवायला सुतार २, वेजेस आणि जादा टेके हाताशी. हे दोन सोडून काँक्रीट चालू असताना खाली कुणीही नाही, पाणी प्यायलाही नाही. व्हायब्रेटर ४० एमएमचे दोन, त्यातला एक पेट्रोलचा, आणि कॉलम-बीमच्या गर्दीला २५ एमएमची एक नीडल. हेल्मेट, गमबूट, हातमोजे, कडेला काम करणाऱ्याला हार्नेस. डिझेल, दोन हॅलोजन, ताडपत्री पुरेशी ठेवा, पावसाचा भरवसा नाही. जेवण पाळीपाळीने सोडा, पंप थांबवायचा नाही.

गाड्या घोडबंदर रोडवरूनच येणार, तिथलं ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहे. चलानवरची वेळ बघा, प्लांटवर भरल्यापासून दोन तासांच्या आत गाडी रिकामी झाली पाहिजे. स्लम्प मी बघतो, पण गाडीत कुणीही पाणी घालायचं नाही, ड्रायव्हर किंवा गँगवाला म्हणाला तरी नाही. क्यूबसाठी ५ सॅम्पल, प्रत्येकी ६, म्हणजे ३० मोल्ड धुऊन ऑइल लावून ठेवा. लेव्हलचे पॉइंट मी कॉलमच्या सळयांवर लाल रंगाने काढून देतो. रात्री १० नंतर पंप चालवता येणार नाही, शेजारच्या सोसायटीत लहान मुलं आहेत, म्हणून सुरुवात ७ वाजताच. मध्येच गाड्या तुटल्या तर स्लॅबचा जॉइंट स्पॅनच्या मधल्या भागात घ्यायचा, बीमच्या तोंडाशी नाही, स्टॉप बोर्ड कापून ठेवा. क्युरिंगचं सामान, गोणपाट आणि आळ्यांसाठी मसाला, शनिवारीच साइटवर पाहिजे. मिक्समध्ये फ्लाय अॅश आहे, १० दिवस पाणी.

जे झालं त्याचे फोटो उद्या ३ पर्यंत मला पाठवा, रॅम्पच्या बाजूचे टेके आणि बाल्कनीच्या खुर्च्या आधी. पंप ६ ला लागेल, पण मी प्लांटला फोन केल्याशिवाय पहिली गाडी निघणार नाही.