आईच्या उशाशी म्हणायची प्रार्थना

रात्रीची औषधं झाली की म्हणावी. खाटेचं डोकं वर केलेलंच असू द्यावं. सलाइनची सुई नसलेला हात हातात घ्यावा. आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाणार नाही इतका बारीक ठेवावा. आईने फक्त ‘देवा, जवळ राहा’ एवढंच म्हणायचं, तेही श्वास सोडताना. दम लागत असेल तर नुसते ओठ हलवले तरी पुरे. तिचा डोळा लागला तर असाल त्या ओवीवर थांबावं, पुढचं मनात म्हणावं. तिला उठवू नये.

दिवस सारा मावळला ।
वॉर्डातला गलका निवळला ।
पांघरुणाखाली कवळला ।
हात तिचा ॥१॥

हृदय तिचं थकलेलं ।
पाणी पायांत उतरलेलं ।
अंग सारं जडावलेलं ।
तू जाणतोस ॥२॥

उशा तीन पाठीपाशी ।
ऑक्सिजनची नळी नाकापाशी ।
तूही बस उशापाशी ।
देवा, जवळ राहा ॥३॥

पाणी प्यायचं मोजून ।
लिटरभरात भागवून ।
ओठ कापसाने भिजवून ।
सोसते तहान ॥४॥

असू दे त्या घोटाला ।
गारवा पुरेल घशाला ।
पुढचा येईतो जिवाला ।
धीर दे ॥५॥

लघवीचं औषध लागू पडो ।
पायांची सूज थोडी झडो ।
सकाळी काट्यावर घडो ।
वजन कमी ॥६॥

काटा जर हलला नाही ।
दोष तिचा त्यात नाही ।
खंत तिला नको काही ।
देवा, जवळ राहा ॥७॥

‘बरी कर’ असं म्हणावं ।
रोज ओठांवर यावं ।
पण वचनात बांधावं ।
कसं तुला? ॥८॥

मागते रात्र सुखाची ।
झोप सलग चार तासांची ।
जाग आलीच तर धापेची ।
भीती नको ॥९॥

मध्यरात्री दम लागला ।
तर बेल सापडो हाताला ।
हाक पोचो सिस्टरला ।
पहिलीच ॥१०॥

सिस्टरच्या थकल्या पावलांना ।
शीर शोधत्या बोटांना ।
जागरणाच्या डोळ्यांना ।
बळ दे ॥११॥

डॉक्टर येतील सकाळी ।
खरं सांगोत त्या वेळी ।
ऐकण्याची ताकद निराळी ।
आम्हांला दे ॥१२॥

भीती तिने लपवू नये ।
मीही हसून टाळू नये ।
बोलायचं ते राहू नये ।
देवा, जवळ राहा ॥१३॥

शेजारच्या खाटेवरचा ।
कण्हतो जीव कुणाचा ।
वाटा त्यालाही प्रार्थनेचा ।
मिळू दे ॥१४॥

आजही ती हसली थोडी ।
नातवाची ऐकून खोडी ।
जगण्याची एवढी गोडी ।
टिकव तिची ॥१५॥

उद्या घरी जाणं असेल ।
की इथलाच मुक्काम असेल ।
जिथे तिची खाट असेल ।
देवा, जवळ राहा ॥१६॥