दुबईतल्या मराठी हॉटेलात स्वयंपाकी पदासाठी अर्ज

पुणे,
दि. 14 जानेवारी 2025

मा. मालकसाहेब,
करामा, दुबई.

विषय : महाराष्ट्रीय जेवणाचा स्वयंपाकी या जागेसाठी अर्ज

सा. न. वि. वि.

तुमच्या हॉटेलात मराठी जेवण करणारा माणूस हवा आहे, असं आमच्या वस्तादांकडून कळलं. अर्ज मराठीतच द्या, असं तुम्ही त्यांना सांगितलंत, म्हणून हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. नेपाळी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे वाचायला मी पहिल्याच वर्षी शिकलो. बोलणं किचनमधल्या मावशींनी शिकवलं.

माझं नाव दिलबहादुर थापा, वय 33. गाव नेपाळच्या अछाम जिल्ह्यात, मंगलसेनजवळ. आमच्याकडची बरीच मुलं महेंद्रनगर, बनबसा करत हिंदुस्थानात कामाला येतात. मीही 2013 साली तसाच दिल्लीमार्गे झेलम एक्सप्रेसने पुण्याला आलो. सदाशिव पेठेतल्या एका हॉटेलात भांडी घासायला लागलो. दीड वर्षाने कांदा-कोथिंबीर चिरायला घेतलं, मग पोळ्या, मग भट्टी. गेली सहा वर्षं सकाळची मिसळ माझ्याकडे आहे.

मिसळीचा कट मी पहाटे साडेचारला लावतो. कांदा आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजतो, कारण कांदा होईपर्यंत खोबरं जळतं आणि मग सगळा कट कडवट होतो. मटकीला मोड बोटाच्या पेराएवढे आले की थांबतो. त्याहून लांब झाले तर शिजताना लगदा होतो. शनिवार-रविवारी तीनशे प्लेटा जातात, कट दोनदा लावावा लागतो आणि दुसऱ्या पातेल्याची चव पहिल्यासारखीच यावी यासाठी मसाला तोलून घेतो. अंदाजाने टाकणं मी सोडून दिलं आहे.

याखेरीज थालीपीठ, पिठलं-भाकरी, भरली वांगी, साबुदाणा खिचडी, अळूचं फतफतं, उकडीचे मोदक आणि पुरणपोळी मला येते. आज संक्रांत. सकाळी शंभर गूळपोळ्या लाटल्या. सारण अगदी कडेपर्यंत पोचवायचं आणि तरी गूळ फुटून तव्यावर येऊ द्यायचा नाही, हे जमायला मला तीन संक्रांती लागल्या. आमच्याकडे आज तूप, तिळाचे लाडू आणि तरुल नावाचा कंद खातात. घरी आई ते करत असेल. मटण-चिकनचा रस्सा करतो, मात्र मासळीत माझा हात बसलेला नाही. तुमच्याकडे मालवणी पदार्थ असतील तर तिथे मला शिकावं लागेल, हे आधीच सांगतो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये सीमा बंद झाली आणि आम्ही चौघं हॉटेलातच राहिलो. मालकांनी सामान दिलं, आम्ही रोज दोनशे पाकिटं पोळी-भाजी बांधली. त्या दिवसांत मी किचनचा हिशेब ठेवायला शिकलो. किती पीठ आलं, किती लागलं, काय वाया गेलं, ते आजही वहीत लिहितो. इंग्रजीत केओटी वाचता येते, बोलताना अडखळतो. हिंदी उत्तम बोलतो.

आता एक गोष्ट मनापासून मांडतो, राग मानू नये. 2018 मध्ये मलेशियाला पाठवतो म्हणून एका दलालाने माझ्या धाकट्या भावाकडून दीड लाख नेपाळी रुपये घेतले. ना व्हिसा आला, ना पैसे. ते कर्ज आम्ही चार वर्षं फेडलं. म्हणून मी व्हिजिट व्हिसावर येणार नाही. तुमचं मागणीपत्र अबुधाबीतल्या नेपाळी दूतावासाकडून प्रमाणित होऊन आलं की काठमांडूला जाऊन श्रम स्वीकृती काढीन, प्रशिक्षण आणि विमा करून तिथूनच निघेन. 2015 पासून आमच्या सरकारचा नियम आहे की आखाती देशांत जाणाऱ्या कामगाराचा व्हिसा आणि तिकीट मालकाने द्यायचं. पगार, कामाचे तास, सुट्टी, राहणं-जेवण करारात लिहिलेलं असावं आणि पासपोर्ट माझ्याजवळ राहावा, एवढी विनंती. त्या बदल्यात दोन वर्षांचा करार पूर्ण केल्याशिवाय मी काम सोडणार नाही.

मुलगी आठवीत आहे, मुलगा पाचवीत. दोघांना धनगढीला ठेवून शिकवायचं आहे. पुण्याच्या पगारात गावचा खर्च भागतो, पण तिथल्या भाड्याचं आणि फीचं गणित जमत नाही. एवढ्यासाठीच हे हॉटेल सोडतो आहे, मालकांना तसं सांगितलं आहे आणि त्यांनी आनंदाने दाखला दिला.

चव बघायची असेल तर तुमचा कोणी माणूस पुण्यात येईल तेव्हा सकाळी सातच्या आत पाठवा. कट तेव्हा नुकताच उतरलेला असतो. व्हिडिओवर मुलाखत घ्यायची असल्यास दुपारी तीन ते पाच मी मोकळा असतो. फोन नंबर बायोडेटात दिला आहे.

कळावे,

आपला नम्र,
दिलबहादुर थापा

सोबत : बायोडेटा, पासपोर्टची प्रत, सध्याच्या मालकांचा दाखला, अन्नसुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, दोन फोटो