अंदाजपत्रक २०२६-२७ : सभासदांना पाठवण्याआधीची तपासणी यादी

(इंदिरानगर, नाशिक येथील आपल्या ६४ सदनिकांच्या सोसायटीसाठी. ए आणि बी विंग प्रत्येकी २४, सी विंग १६. खजिनदारांनी फाइल तयार करायची, व्यवस्थापकांनी तपासायची आणि सचिवांनी शेवटचा कागद बघायचा. बनवणारा आणि तपासणारा एकच माणूस नको. वार्षिक सभेच्या नोटिशीला पूर्ण १४ दिवस लागतात, म्हणून ही तपासणी नोटिशीच्या आदल्या रात्री नाही, निदान चार दिवस आधी उरकायची.)

आधी फाइल

☐ एकच प्रत ठेवा. "फायनल", "फायनल २", "खरंच फायनल" अशा तीन फायली असतील तर आधी दोन बाजूला काढा, मग तपासायला बसा.

☐ Formulas मध्ये Calculation Options हे Automatic वर आहे का? Manual वर असेल तर दर बदलला तरी जुनीच बेरीज दिसत राहते, आणि पाहणाऱ्याला कसलीही शंका येत नाही.

☐ Data मध्ये Edit Links (नव्या एक्सेलमध्ये Workbook Links) उघडा. गेल्या वर्षीच्या फाइलशी जोडलेला दुवा सापडला, तर तो आकडा २०२५-२६ चा आहे असं धरा आणि मुळापासून तपासा.

☐ `Ctrl` + `` ` `` दाबा. सगळी सूत्रं उघडी दिसतात. सूत्रांच्या रांगेत मध्येच एखादा नुसता आकडा दिसला, तर कोणीतरी घाईत सूत्रावर आकडा टाइप केला आहे. ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते आणि सगळ्यात उशिरा सापडते.

☐ `#REF!`, `#VALUE!`, `#N/A` शोधा. ते दिसतात तेवढं बरंच. खरी काळजी `IFERROR(…,0)` ची. चूक झाकून तिथे शून्य ठेवणारं हे सूत्र कुठे असेल, तर ते का घातलं हे खजिनदारांना विचारा.

खर्चाचं पान

ओळ ५ ते १० मध्ये सहा बाबी, ओळ ११ मध्ये बेरीज. B ते M हे एप्रिल ते मार्च, N वार्षिक.

☐ उभी-आडवी बेरीज जुळवा. एका रिकाम्या चौकटीत हे सूत्र हाताने टाइप करा, दुसरीकडून कॉपी करू नका:

```
=SUM(N5:N10)-SUM(B11:M11)
```

उत्तर शून्य यायला हवं. कॉपी का नको? बेरजेच्या सूत्रातली कक्षा चुकली असेल, तर तिच्यावरून बनवलेली तपासणीही तशीच चुकते आणि दोघींचं छान जमतं. टाइप करताना डावीकडे शेवटची बाब कोणत्या ओळीत आहे ते डोळ्यांनी बघा. बेरजेच्या लगेच वर नवी ओळ घातली, तर `SUM` तिला आपोआप पोटात घेईलच असं नाही.

☐ आकडे खरंच आकडे आहेत का?

```
=SUMPRODUCT(--ISTEXT(B5:M10))
```

शून्याखेरीज काही आलं तर कुठेतरी मजकूर आहे. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या दरामागे एखादी मोकळी जागा येते, कोणी "२८०००/-" लिहितं, कोणी देवनागरी अंक टाइप करतं. `SUM` अशा चौकटी गुपचूप वगळतं, कसलीही तक्रार न करता. त्यामुळे बेरीज कमी येते, पण चूक कुठेच दिसत नाही.

☐ वार्षिक आकडे कॅल्क्युलेटरवर, कागदावरून. सुरक्षा ८,६४,०००, सफाई ३,८४,०००, सामायिक वीज ३,३६,०००, लिफ्ट १,४८,६८०, व्यवस्थापक व कार्यालय २,१०,०००, विमा, लेखापरीक्षण व किरकोळ ६५,३२०. एकूण २०,०८,०००. व्यवस्थापकांनी कोटेशन आणि महावितरणची बिलं हातात घेऊन बेरीज करायची, पडद्याकडे न बघता.

☐ लिफ्टच्या करारात जीएसटी आहे की नाही? तीन लिफ्टचं कोटेशन १,२६,००० चं आहे, ते कराशिवाय. १८ टक्के धरून १,४८,६८०. प्रत्येक कोटेशनसाठी हाच प्रश्न.

☐ वीज बारा महिने सारखी वाटलेली असेल तर चालेल, पण एप्रिल-मे मध्ये पंप जास्त चालतो हे टीप म्हणून लिहा. नाहीतर जूनमध्ये कोणीतरी "जास्त खर्च" म्हणून बोट दाखवेलच.

फरक आला तर

नुसतं शोधत बसू नका, आधी फरकाकडे बघा. त्याला ९ ने नि:शेष भाग जातो का? जात असेल तर बहुधा अंकांची अदलाबदल झाली आहे: विजेचे ३,३६,००० हे ३,६३,००० असे पडले, तर फरक २७,०००. एक शून्य कमी-जास्त झालं तरी ९ ने भाग जातो, आणि भागाकार म्हणजेच तो लहान आकडा.

फरकाचा निम्मा करा. तेवढीच एखादी बाब यादीत असेल तर ती उलट्या बाजूला गेली आहे, म्हणजे जमेऐवजी खर्चात. भाडेकरूंच्या सदनिकांचं ना-वापर शुल्क २८,२४२ वजा झालं तर फरक ५६,४८४ दिसेल.

फरक एखाद्या बाबीइतकाच असेल तर ती गळली आहे किंवा दोनदा धरली आहे. उपबेरीज आणि तिच्या बाबी दोन्ही एकूण बेरजेत गेल्या का, तेही इथेच बघा.

सदनिकांचं पान आणि वर्गणी

☐ ओळी ६४ च आहेत का? `=COUNTA(A5:A68)` ने मोजा, विंगवार २४, २४, १६ अशी फोड जुळवा.

☐ दराच्या चौकटीला `$` आहे का? `$B$2` ऐवजी `B2` असेल, तर खाली ओढल्यावर B3, B4 कडे सरकतं आणि दुसऱ्या सदनिकेपासून वर्गणी शून्य होते किंवा भलतीच येते. पहिली, मधली आणि शेवटची सदनिका स्वतंत्र करून बघा.

☐ पूर्णांकाचा फरक लपवू नका. २०,०८,००० भागिले ६४ भागिले १२ म्हणजे दरमहा २,६१४.५८. आपण २,६१५ घेतो, म्हणून वर्षाला २०,०८,३२० जमा होतात, ३२० जास्त. पडद्यावर २,६१५ आणि आत २,६१४.५८ असेल तर सभासदाचा कॅल्क्युलेटर आणि आपला कागद जुळणार नाही. `ROUND` वापरा, नुसतं दशांश लपवू नका.

☐ सिंकिंग फंड ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के, दोन्ही बांधकाम खर्चावर, वर्षाला. बांधकाम खर्च १६,००,००० असेल तर ४,००० आणि १२,०००. चौकटीत टक्क्याचं चिन्ह नसेल तर पहिलाच आकडा ४,००,००० होतो. खरेदीखतातली किंमत चुकून घेतली नाही ना, तेही बघा.

☐ भाडेकरू असलेल्या ९ सदनिकांचं ना-वापर शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्के: २६१.५० × ९ × १२ = २८,२४२. पूर्ण बिलावर काढलेलं नको.

गोषवारा

☐ जमा २०,०८,३२० + २८,२४२ = २०,३६,५६२. खर्च २०,०८,०००. शिल्लक २८,५६२, म्हणजे ३२० अधिक २८,२४२. शिल्लक कुठून आली हे असं सांगता आलं नाही, तर गोषवारा पाठवू नका.

☐ गोषवाऱ्यातला प्रत्येक आकडा सूत्राने आलेला हवा, उदा. `='खर्च'!N11`. हाताने टाइप केलेला नको.

☐ सुरुवातीची शिल्लक ही लेखापरीक्षित ताळेबंदातल्या ३१ मार्च २०२६ च्या शिलकेइतकी आहे का? बँकेच्या पासबुकातली वेगळी असू शकते, न वटलेले धनादेश असतात. कोणती घेतली ते लिहा. ठेवींचं व्याज टीडीएस कापण्याआधीचं धरलंय की नंतरचं, तेही.

पाठवण्याआधी

☐ पीडीएफ काढून मोबाइलवर उघडा. `#####` दिसलं तर रकाना अरुंद आहे. लपवलेल्या ओळी पीडीएफमध्ये दिसत नाहीत पण `SUM` त्या मोजतं, म्हणून कागदावरची बेरीज कागदावरूनच एकदा करा.

☐ नोटिशीतल्या मजकुरातला दर (२,६१५) आणि तक्त्यातला दर एकच आहे का? मजकूर बहुतेक वेळा आधीच्या मसुद्यातून उचललेला असतो.

☐ तपासणाऱ्याची सही, तारीख आणि फाइलचं नाव या यादीवर लिहा. सही झाल्यावर एकही आकडा बदलला, तर गोषवारा आणि उभी-आडवी बेरीज पुन्हा. बाकीची यादी नव्याने करायची गरज नाही.