ग्लूटेनमुक्त आहार: घरी नेण्याचे टिपण

रुग्ण: स्त्री, वय ३६, पुणे. निदान: सीलिएक आजार, जून २०२५.
सीलिएकची रक्ततपासणी टीटीजी-आयजीए १४८ (या लॅबमध्ये २० पेक्षा कमी नॉर्मल), एकूण आयजीए नॉर्मल, लहान आतड्याची बायोप्सी मार्श ३ बी. हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन ६, व्हिटॅमिन डी ११.

तुमचं रक्त कमी का होतं, याचं उत्तर बायोप्सीत मिळालं. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजले आहेत, त्यामुळे गोळ्या घेऊनही लोह नीट शोषलं जात नव्हतं. ग्लूटेन पूर्ण बंद झालं की अस्तर पुन्हा वाढतं. या आजाराला दुसरं औषध नाही, आणि हा आहार आयुष्यभराचा आहे. त्रास थांबला म्हणून गहू पुन्हा सुरू करायचा नाही.

किती म्हणजे जास्त?
गव्हाच्या एका मध्यम पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण बहुतेकांना सोसतं, रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तर काही महिन्यांत अस्तर पुन्हा खराब होऊ लागतं. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग, नखाएवढा तुकडा. म्हणून "एखाद्या दिवशी चालेल" किंवा "प्रसादाचा शिरा चमचाभरच" हे इथे लागू नाही. पोटाला काही जाणवलं नाही, तरी आत इजा होतेच.

बंद
गहू आणि त्याची सगळी रूपं: कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, कुरडई, गव्हाचा चीक. जव आणि राय हेही बंद. खपली गहू हा गहूच आहे. तो "पचायला हलका" म्हणून सुचवला जातो, पण तुम्हाला तो चालणार नाही. ओट्समध्ये मुळात गहू नसला तरी आपल्याकडचे साधे ओट्स शेतापासून गिरणीपर्यंत गव्हात मिसळलेले असतात. पहिलं वर्ष ते नकोत.

चालेल
तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सर्व डाळी, भाज्या, फळं, दूध-दही, अंडी, मासे, मांस. यात आपल्या घरांची मोठी सोय आहे: भाकरी, पोहे, थालीपीठ, घावन, साबुदाण्याची खिचडी हे आधीपासूनच आपलं जेवण आहे. महागडी ग्लूटेनमुक्त बिस्किटं आणि ब्रेड यांची गरज नाही. त्यांत बहुतेकदा तंतू कमी आणि साखर-तेल जास्त असतं. रोज एक नाचणीची भाकरी ठेवा, कॅल्शियमसाठी ती सगळ्यांत स्वस्त वाट आहे.

लपलेलं ग्लूटेन
बहुतेक घरांत चूक पोळीपाशी होत नाही, फोडणीपाशी होते. बाजारातला डबीतला हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. डबी उलटी करून वाचा: "एडिबल गम, व्हीट फ्लोअर, असाफेटिडा" असं बहुधा असतं. रोजच्या वरण-भाजीत तो पडतो, शिवाय लोणचं, पापड, सांबार मसाला, चाट मसाला, ताकाचा मसाला, फरसाण यांतही असतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो घ्या किंवा शुद्ध खडा हिंग थोडासा कुटून वापरा. जुनी डबी घरातून काढून टाका, मागे ठेवली तर कुणीतरी सवयीने उचलेल.

दुसरी जागा गिरणी. ज्वारी गव्हानंतर दळली की जात्यात आणि पेटीत उरलेली कणीक तुमच्या पिठात येते. घरघंटीवरही हेच होतं. घरघंटी तुमच्यासाठी वेगळी ठेवता आली तर उत्तम. नाहीतर धान्य निवडून, धुऊन, उन्हात वाळवून थोडं थोडं मिक्सरमध्ये दळा, किंवा पाकिटावर "ग्लूटेन फ्री" लिहिलेलं पीठ घ्या. भारतात या शब्दांचा अर्थ किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असा आहे. बेसन आणि नाचणीचं पीठ सुटं घेऊ नका.

थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात परंपरेने गहू असतो, म्हणून दोन्ही घरी गव्हाशिवाय करा. आंबोळीच्या तयार पिठात गहू आहे का, विचारा. "नाचणी बिस्किट" आणि "मल्टिग्रेन" यांत मुख्य घटक बहुधा मैदा किंवा गहू असतो. सोया सॉसमध्ये गहू, तर माल्टची पेयं, कॉर्नफ्लेक्समधला माल्ट अर्क, माल्ट व्हिनेगर आणि बिअर यांत जव. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र चालतं, नावातल्या माल्टने घाबरू नका. हॉटेलची ग्रेव्ही मैद्याने दाट केलेली असू शकते, आणि वडे-भजी ज्या तेलात तळतात त्याच तेलात समोसेही तळले जातात. औषधाच्या गोळीतला स्टार्च कशाचा, हे औषध विक्रेत्याकडून किंवा कंपनीकडून विचारून घ्या. तोवर ठरलेलं औषध स्वतःहून बंद करू नका.

स्वयंपाकघर
पोळपाट-लाटणं, पीठ चाळायची चाळण, लाकडी उलथनं आणि टोस्टर तुमचे वेगळे असावेत. लाकडाच्या चिरांत आणि चाळणीच्या जाळीत गेलेली कणीक धुऊन निघत नाही. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. भाकरी आधी, पोळ्या नंतर. कणीक मळताना तुमचं ताट झाकून ठेवा, कारण उडालेलं पीठ अन्नावर बसतं. लोणी-जॅमची बरणी वेगळी, कारण पोळी लागलेला चमचा पुन्हा तिच्यात जातो.

चुकून खाल्लं गेलं तर त्रास काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी होऊ शकतो. भरपूर पाणी घ्या, त्या दिवशी काय खाल्लं ते लिहून ठेवा. ग्लूटेन पचवण्याच्या नावाने मिळणाऱ्या गोळ्यांच्या भरवशावर गहू खाऊ नका. पहिल्या काही आठवड्यांत दुधाने पोट फुगलं तर ते थोडे दिवस कमी करा, दही-ताक घ्या. आतडं भरून आलं की बहुतेकांना दूध पुन्हा पचतं.

पुढच्या तपासण्या
डिसेंबर २०२५: टीटीजी-आयजीए, हिमोग्राम, फेरिटिन, व्हिटॅमिन डी, बी १२, फोलेट, टीएसएच, लिव्हरची एन्झाइम्स. जून २०२६: हेच पुन्हा. त्यानंतर वर्षातून एकदा. हाडांची घनता पहिल्या वर्षातच तपासू.

टीटीजी नेहमी याच लॅबमध्ये करा. लॅबगणिक किट बदलतं, आकडे तुलनेचे राहत नाहीत. उपाशीपोटी जायची गरज नाही. आणि तपासणीआधी गहू खाऊन जाऊ नका. गहू खाऊन तपासणी करायची असते ती निदानाच्या वेळी, आता नाही.

१४८ वरून आकडा पहिल्या सहा महिन्यांत उतरू लागला पाहिजे. नॉर्मल व्हायला एक वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, म्हणून डिसेंबरला ५०-६० दिसला तर निराश होऊ नका. आकडा थबकला किंवा वर चढला, तर ग्लूटेन कुठून तरी येत आहे असं आधी धरू आणि हिंग-गिरणी-हॉटेल या क्रमाने शोधू. नॉर्मल आकडा आला तरी अस्तर पूर्ण भरलं याची ती खात्री नसते. त्रास टिकला, किंवा पथ्य काटेकोर असूनही वर्षानंतर टीटीजी वरच राहिला, तर पुन्हा बायोप्सी लागू शकते.

वजन उतरणं, जुलाब परत येणं, शौचात रक्त किंवा सतत उलट्या झाल्या तर डिसेंबरची वाट न पाहता या.

आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही टीटीजी तपासणी करून घ्या, कारण जवळच्या नात्यात हा आजार जास्त आढळतो. तपासणी होईपर्यंत मुलांचा गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा नॉर्मल येईल.

डिसेंबरला येताना तीन दिवसांचं लिहिलेलं जेवण, वापरातल्या मसाल्यांच्या पाकिटांचे मागच्या बाजूचे फोटो आणि घरातली हिंगाची डबी सोबत आणा.