सांध्यातील द्रवाचा तपासणी अहवाल: उजवा गुडघा

रुग्ण: पुरुष, वय ५८ वर्षे, दादर, मुंबई. नमुना: सुजलेल्या गुडघ्यातून काढलेला १८ मिलि द्रव; पिवळसर, गढूळ, चिकटपणा कमी.

पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरला २८,००० असून त्यांत न्यूट्रोफिल ८६ टक्के आहेत. असा आकडा गाउट आणि जंतुसंसर्ग या दोहोंतही आढळत असल्याने केवळ त्यावरून निदान करता येत नाही. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सुईसारखे, ऋण द्विअपवर्तन दाखवणारे मोनोसोडियम युरेटचे स्फटिक दिसले, त्यांतील बरेच न्यूट्रोफिलच्या आत होते, आणि हे चित्र गाउटच्या तीव्र झटक्याशी जुळते. ग्रॅम स्टेनमध्ये जंतू दिसले नाहीत; तथापि तेवढ्यावरून संसर्ग नाकारता येत नाही, कारण स्फटिकांसोबत तोही असू शकतो. कल्चरचा प्राथमिक निष्कर्ष ४८ तासांनी कळवला जाईल. तोपर्यंत सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन टाळावे.